दोन्ही हातांचा बीपी

त्या थंडीत पंधरा दिवसांच्या अंतराने दोन पेशंट आले. दोघांचाही वरचा आकडा दोनशेच्या पुढे होता आणि दोघांच्याही नातेवाईकांनी एकच विनवणी केली, "मॅडम, आधी बीपी उतरवा." जालन्यातल्या माझ्या छोट्या आयसीयूत मी दोघांचाही बीपी उतरवला. पण एकीसाठी जे औषध सर्वांत आधी द्यायचं, तेच दुसऱ्यासाठी सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही मनातून जात नाही.

पहिल्या होत्या घनसावंगीकडच्या एक आजी. कापूस वेचणी चालू होती, घरात कुणाला तालुक्याला जायला सवड नव्हती, आणि बीपीच्या गोळ्या संपून दहा दिवस झाले होते. रात्री जीपमधून आणलं तेव्हा त्या आडव्या व्हायला तयारच नव्हत्या. दोन्ही हात सीटवर रोवून, पुढे वाकून श्वास ओढत होत्या. ओठांवर गुलाबीसर फेस. छातीला स्टेथोस्कोप लावला तर वरपासून खालपर्यंत बुडबुड. बीपी 224/122, ऑक्सिजन 78.

फुफ्फुसात पाणी उतरलं होतं, पण ते बाहेरून आलेलं पाणी नव्हे. अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या की त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा दमतो, मागे तुंबारा होतो आणि रक्तातलं पाणी फुफ्फुसात झिरपतं. इथे हवं ते वाट मोकळी करणारं औषध, म्हणजे नायट्रोग्लिसरीन. आमच्याकडे 25 मिलिग्रॅमचं अ‍ॅम्प्यूल सलाईनमध्ये मिसळून 50 मिलीची सिरिंज भरतात. सिस्टरांनी पंप ताशी 6 मिलीवर लावला, म्हणजे मिनिटाला 50 मायक्रोग्रॅम. दर चार-पाच मिनिटांनी बीपी बघत मी तो ताशी 24 पर्यंत नेला. तोंडाला घट्ट मास्क लावून बायपॅप चालू केलं आणि शिरेतून लॅसिक्स 40 मिलिग्रॅम दिलं. लॅसिक्सवरच सगळी भिस्त ठेवायची सवय आपल्याकडे अजून आहे. पण लघवीवाटे पाणी जायला वेळ लागतो, आणि अशा पेशंटच्या अंगात पुष्कळदा जादा पाणी नसतंच, ते फक्त चुकीच्या जागी गेलेलं असतं. पहिल्या अर्ध्या तासात जीव वाचवतात ते नायट्रोग्लिसरीन आणि मास्कचा दाब.

चाळीस मिनिटांनी बीपी 146 वर आला, ऑक्सिजन 95 झाला. तासाभरात 140 च्या खाली आणायचं ठरवलं होतं, ते जमलं. पहाटे आजींनी मास्क बाजूला सारून चहा मागितला. सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आठवतो. तो पंप, तो आकडा आणि ती सुटका त्यांच्या मनावर कोरली गेली.

पंधरा दिवसांनी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधला कामगार आला, वय 52. शिफ्ट संपवून हात धुताना छातीत एकदम कळ आली होती. ती जी आली ती पूर्ण जोरानेच आली आणि क्षणात दोन खांद्यांच्या मधे, पाठीत गेली. "करवतीनं कापल्यावानी झालं," तो म्हणाला. घामाने चिंब, पण श्वास साफ, ऑक्सिजन 97. उजव्या हाताचा बीपी 218/116, नाडी 108.

मी ईसीजी वाचत होते. हार्ट अटॅकचे बदल दिसेनात. मागे वळले तर सिस्टरांनी नायट्रोग्लिसरीनची सिरिंज भरून पंपात बसवलेली, बोट बटणावर. मी जवळजवळ ओरडलेच, "थांबा!" त्या दचकल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी हेच तर आम्ही केलं होतं.

मी पट्टा सोडून डाव्या हाताला बांधला. 170/98. पुन्हा मोजला, तेवढाच. दोन हातांत जवळजवळ पन्नासचा फरक. मनगटावर बोट ठेवलं तर डावी नाडी उजवीपेक्षा क्षीण लागत होती. दोन हातांच्या वरच्या आकड्यात वीसपेक्षा जास्त फरक आणि अशी पाठीत जाणारी कळ, म्हणजे अ‍ॅओर्टाचं अस्तर फाटल्याची शंका घ्यायची. अ‍ॅओर्टा म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी. तिला आतून तडा गेला की प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त भिंतीच्या थरांत घुसतं आणि थर सुटत जातात. वाटेत हाताची, मेंदूची, किडनीची फांदी आली तर तिचं तोंड दबतं. डावा हात त्यामुळेच मागे पडला होता. टुडी इकोत धमनीचा उगम शाबूत दिसला, हृदयाभोवती पाणी नव्हतं; पण मानेच्या खाचेतून बघितलं तर कमानीपलीकडे एक बारीक पडदा फडफडत असल्यासारखा वाटला.

नायट्रोग्लिसरीन आधी का नको, ते तिथेच उभ्याउभ्या सिस्टरांना सांगितलं. शेतातल्या पाइपला बारीक चीर गेली असेल तर ती नुसत्या दाबाने वाढत नाही, मोटार चालू होताना बसणाऱ्या दणक्याने वाढते. नायट्रोग्लिसरीनने वाहिन्या एकदम सैल झाल्या की शरीर घाबरतं, हृदय भराभर आणि जोरात धडधडायला लागतं. पडद्यावरचा आकडा उतरलेला दिसतो, आत मात्र दणके वाढलेले असतात. म्हणून आधी ठोके कमी करायचे आणि ठोक्यातला जोर कमी करायचा. हे काम बीटा ब्लॉकरचं. आणि हाच बीटा ब्लॉकर मी त्या आजींना दिला असता, तर दमलेल्या हृदयाचा उरलासुरला जोरही काढून घेतला असता.

पहिलं इंजेक्शन दुखण्यावर दिलं, फेंटानिल, कारण वेदना असेपर्यंत नाडी उतरत नाही. मग लॅबेटालॉल 20 मिलिग्रॅम दोन मिनिटांत सावकाश. त्याआधी दमा नाही ना, हे पत्नीला विचारून घेतलं. दमा असता तर डिल्टियाझेमकडे वळावं लागलं असतं. दहा मिनिटांनी नाडी 94. मग 40. आणखी दहा मिनिटांनी 80. नाडी 62 आणि उजव्या हाताचा बीपी 148. हिशेब उजव्या हातावरच, कारण दबलेल्या हाताचा आकडा खोटं समाधान देतो. आता लॅबेटालॉल पंपावर, मिनिटाला 1 मिलिग्रॅम. पातळ न करता भरलं तर ते ताशी 12 मिली होतं.

नाडी साठच्या खाली गेली, बीपी मात्र 140 च्या आसपास अडून राहिला. तेव्हा मी सिस्टरांना म्हटलं, "आता तुमची सिरिंज चालू करा." तीच, मघाची. ताशी 1.2 मिलीपासून, म्हणजे मिनिटाला 10 मायक्रोग्रॅम. नंतर 2.4. आल्यापासून पन्नासाव्या मिनिटाला बीपी 118, नाडी 58. लक्ष्य होतं वरचा आकडा 100 ते 120 आणि नाडी साठच्या खाली. पाठीतली कळ थांबली. कळ थांबणं हीच या आजारातली सगळ्यात खरी खूण. ती परत आली तर आकडे काहीही म्हणोत, चीर पुढे सरकते आहे असं समजायचं.

एवढ्या वेगाने बीपी उतरवायची मुभा मात्र या दोघांसारख्या मोजक्याच आजारांत आहे, हे मी स्वतः चुकून शिकले आहे. 1994 साली मी इंटर्न होते. डोकं दुखतं म्हणून एक बाई आल्या, बीपी 210. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मी निफेडिपिनची कॅप्सूल सुईने टोचून जिभेखाली पिळली. अर्ध्या तासात बीपी 110, आणि बाईंची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. वर्षानुवर्षं चढ्या दाबात राहिलेल्या मेंदूच्या वाहिन्या त्या दाबालाच जुळवून घेतात. मोसंबीच्या बागेत ठिबकचा दाब एकदम पाडला तर शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही, तसं मेंदूचं होतं. त्या कॅप्सूलचा हा वापर थांबवा, असं आवाहन 1996 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलं. त्या बाईंसाठी त्याला दोन वर्षं उशीर झाला होता.

त्यामुळे एरवीचा नियम संथ आहे. पहिल्या तासात सरासरी दाब पंचवीस टक्क्यांहून जास्त उतरवायचा नाही. 240/130 असेल तर सरासरी साधारण 167 येते; तिचा पाव भाग वजा केला तर 125, म्हणजे बीपी 180/100 च्या घरात. पहिल्या तासाला एवढं पुरे. पुढच्या दोन ते सहा तासांत 160/100 आणि मग एक-दोन दिवसांत हळूहळू खाली. आणि आकडा 200 असून मेंदू, हृदय, किडनी, डोळे कशालाच धक्का नसेल, तर शिरेतून काहीच द्यायचं नाही. गोळ्या सुरू करायच्या आणि लक्ष ठेवायचं. हे नातेवाईकांना पटवणं औषध देण्यापेक्षा अवघड जातं.

रोलिंग मिलच्या पेशंटला मी छत्रपती संभाजीनगरला पाठवलं, सोबत मीच गेले. साठेक किलोमीटर. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये दोन पंप, मांडीवर मॉनिटर. अ‍ॅस्पिरिन, हिपॅरिन दिलेलं नाही हे चिठ्ठीवर ठळक लिहिलं. हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करायचं किंवा गुठळी विरघळवायचं औषध दिलं जाणं, हाच या आजारातला दुसरा मोठा घात. वाटेत दर पाच मिनिटांनी बीपी, पिशवीतली लघवी, पायांच्या नाड्या आणि त्याच्याशी बोलणं, म्हणजे मेंदूला रक्त पोचतंय हे कळत राहतं. बदनापूरजवळ त्याने विचारलं, "मॅडम, दोन मशिनी कशाला ओ?" मी म्हटलं, एक ठोका आवरायला, दुसरं दाब उतरवायला, आणि पहिलं आधी.

परतताना एक जुनी गोष्ट मनात आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेचा बीपीवरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. त्याच मुळीतून पुढे रेसरपिन वेगळं काढलं गेलं. अ‍ॅओर्टा फुटून मरणाऱ्या टर्की पक्ष्यांना ते खाद्यातून दिल्यावर मृत्यू कमी झाले, आणि 1965 साली फ्लोरिडातल्या मायरन व्हीट आणि सहकाऱ्यांनी फाटलेल्या अ‍ॅओर्टाच्या पेशंटना शस्त्रक्रियेऐवजी औषधांनी सांभाळण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्या औषधांत रेसरपिन होतं. ठोक्याचा जोर कमी करा, हा विचार तिथून रुळला.

सीटी अँजिओग्राफीत चीर डाव्या हाताच्या फांदीपाशी सुरू होऊन छातीतून खाली उतरलेली निघाली. हृदयाजवळचा भाग वाचला होता. तो भाग फाटला असता तर तातडीची शस्त्रक्रिया लागली असती आणि तिथे पहिले दोन दिवस दर तासाला मृत्यूचा धोका वाढत जातो. इथे औषधांवरच भागलं. दोन आठवड्यांनी तो मेटोप्रोलॉल आणि आणखी दोन गोळ्या घेऊन घरी आला. जड उचलायचं नाही, म्हणून मिलमध्ये आता गेटवर नोंदवहीचं काम करतो.

दर महिन्याला येतो. खुर्चीत बसला की न सांगता दोन्ही बाह्या वर सारतो. सिस्टर आधी उजवा मोजतात, मग डावा. डावा अजून तीसने कमीच येतो. कार्डावर त्या दोन्ही आकडे लिहितात आणि उजव्याखाली रेघ ओढतात.