तक्ता जुळला, तरी ताळेबंद चुकला

शेअरच्या नोंदी करून हाताला सवय लागली होती: दलाली दिसली की खर्चात टाकायची. तिथे ते बरोबरच होतं, कारण ते शेअर आम्ही बाजारभावाने दाखवून फरक नफातोट्यात घेत असू. मग कंपनीने मुदतपूर्तीपर्यंत ठेवायला एक रोखा घेतला. इथे हिशेब अमॉर्टाइज्ड कॉस्टचा होता, तरी मी दलाली खर्चातच टाकली.

आकडे सोपे करून सांगतो. दर्शनी किंमत १०,००,००० रुपये, मुदत ३ वर्षं, व्याज ८ टक्के, दर ३१ मार्चला. १ एप्रिलला रोख्याची किंमत दिली ९,४०,२६३ आणि वर दलाली १०,०००. मी एक्सेलमध्ये फक्त किमतीवर `IRR` लावला. दर आला १०.४२ टक्के. तक्ता तिसऱ्या वर्षाअखेरीस बरोबर १० लाखांवर येऊन थांबला, तेव्हा मी निर्धास्त झालो.

ऑडिटला आलेल्या मॅडमनी तक्ता पाहिलाच नाही. त्यांनी विचारलं, “या रोख्यापायी बँकेतून एकूण किती गेले?”

“९,५०,२६३.”

“मग तुमचा तक्ता तिथून का सुरू होत नाही?”

इंड एएस १०९ प्रमाणे अशा रोख्याचा व्यवहारखर्च सुरुवातीच्या मूल्यातच मिळवायचा असतो. मी घाईघाईने सुरुवातीची रक्कम बदलली, पण दर जुनाच ठेवला. आता तक्ता १०,१३,४६३ वर संपला. मिळणार होते १० लाखच, त्यामुळे ही दुसरी चूक लगेच दिसली.

पहिली मात्र कधीच दिसली नसती. सुरुवातीला कोणतीही रक्कम घाला, `IRR` तिला शेवटी १० लाखांवर नेणारा दरच शोधून देतो. शेवट जुळला म्हणजे दर त्या रकमेला साजेसा आहे, एवढंच कळतं. ती रक्कम खरी आहे का, हे तक्ता सांगू शकत नाही.

९,५०,२६३ वर नव्याने काढलेला दर १० टक्के आला. पहिल्या वर्षाचं उत्पन्न ९५,०२६. हाती आलं ८०,००० व्याज. उरलेले १५,०२६ मूल्यात मिळवून ३१ मार्चला रोखा ९,६५,२८९ ला दिसायला हवा होता. पतहानीची तरतूद करायची ती याच्यानंतर. माझ्या ताळेबंदात तो ९,५८,२३७ होता, म्हणजे ७,०५२ ने कमी, आणि त्या वर्षाचा नफाही तेवढाच कमी.

तीन वर्षांची बेरीज केली तर दलाली वजा जाता दोन्ही रीतींनी उत्पन्न २,८९,७३७ च येतं. म्हणून “शेवटी सगळं सारखंच” असं मी म्हणूनही पाहिलं. पण ताळेबंद दर ३१ मार्चला सही होऊन बाहेर जातो आणि त्या तारखेला आकडा चुकलेलाच होता. आता मी आधी सुरुवातीची रक्कम बँक स्टेटमेंटशी ताडतो, मग दर काढतो आणि शेवटची ओळ त्यानंतर बघतो.