रिमोटचा काजवा

रत्नागिरीत आजी एकटी असते. संध्याकाळी टीव्ही नसला की घर तिला खायला उठतं, म्हणून ‘रिमोट चालत नाही’ हा फोन माझ्यासाठी किरकोळ नसतो.

तिचा रिमोट दोन भाषा बोलतो. चालू-बंद आणि आवाजाची बटणं टीव्हीला इन्फ्रारेड किरण पाठवतात. बाकीची बटणं टीव्हीमागच्या स्टिकशी ब्लूटूथनं बोलतात. इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. म्हणून व्हिडिओ कॉलवर मी सांगतो, “आजी, रिमोटचं टोक फोनकडे धर आणि आवाजाचं बटण दाबून ठेव.” जांभळट ठिपका लुकलुकला, तर सेलमध्ये जीव आहे. तरीही आवाज हलत नसेल, तर टीव्हीच्या खालच्या कडेवरच्या डोळ्यासमोर काही आलंय का, ते बघायचं. बहुतेक वेळा लोंबणारा रुमाल निघतो. ब्लूटूथला असा आडोसा सहसा अडत नाही.

गेल्या पावसाळ्यात ठिपकाच दिसेना. झाकण उघडलं तर स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर. दमट हवा आणि पाझरलेला जुना सेल. तिनं तो थर कोरड्या फडक्यानं पुसून काढला आणि नवे सेल घातले.

“दिसला का रे काजवा?”

दिसला. आवाजही वाढला, पण होमचं बटण गप्पच. म्हणजे सेल ठीक, वाट मोकळी, फक्त ब्लूटूथची जोडणी तुटलेली. तिच्या स्टिकसाठी होमचं बटण दहा सेकंद दाबून ठेवावं लागतं. तिनं मोठ्यानं दहा आकडे मोजले आणि पडद्यावर मालिकांची यादी सरकली.