मागची बाजू

अमरावतीच्या एका गिऱ्हाइकाला मी महिनाभर मनातल्या मनात चोर ठरवलं होतं. तोंडाने तसं म्हणालो नाही, पण बोलण्याचा सूर तोच होता.

अकोल्यात माझा पाईप-फिटिंगचा ठोक धंदा आहे. दसऱ्यानंतर ओलिताची गडबड सुरू झाली, तेव्हा त्यांनी फोनवर ऑर्डर दिली. मी १४ नग बांधून ट्रान्सपोर्टला टाकले. बिल ८६ हजारांचं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखापर्यंत ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे माल निघाल्याचा कागद म्हणजे फक्त बिल्टी. मूर्तिजापूर, बडनेरा करत शंभरेक किलोमीटरचा रस्ता. माल दुसऱ्या दिवशी पोचायचाच. मी विसरून गेलो.

पस्तीस दिवसांनी पैशासाठी फोन केला, तर म्हणाले, "माल आलाच नाई ना भाऊ. मले वाटलं तुम्ही पाठवलाच नाई. मी इथूनच घेतला मग."

महिनाभर गप्प बसलेला माणूस पैसे मागितल्यावर माल आला नाही म्हणतो, याचा अर्थ मी एका क्षणात लावला. उधारी बुडवणारे असेच बोलतात, हे माझं जुनं ज्ञान. खरं तर माल पोचला का, हे मीही महिनाभर विचारलं नव्हतं. ते मला तेव्हा आठवलं नाही.

ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलं, तर त्याने मोबाईलवर 'डिलिव्हर्ड' लिहिलेला स्क्रीनशॉट पाठवला. मी तो तसाच गिऱ्हाइकाला धाडला आणि खाली लिहिलं, "आता काय म्हणता?" हे तीन शब्द मला अजून टोचतात. त्यांचं उत्तर साधं होतं. "सही कोनाची हाय ते पाहा ना भाऊ."

सहीची पोच मागायची म्हणजे वीस वर्षांच्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्यावर अविश्वास दाखवायचा, असं मी मानत आलो होतो. आमच्या धंद्यात पोच मागणारा माणूस कटकट्या समजला जातो. शेवटी मागितली, तीही गिऱ्हाइकाला खोटं पाडायला. लेखी मागितली: बिल्टी नंबर, बुकिंगची तारीख, बिल नंबर, नग किती, आणि माल घेणाऱ्याच्या सहीच्या प्रतीची दोन्ही बाजूंची स्वच्छ नक्कल. आमच्या वकिलांनी आणखी एक सांगितलं. माल गहाळ झाला असेल आणि ट्रान्सपोर्टवर दावा लावायचा असेल, तर २००७ च्या रस्ते मालवाहतुकीच्या कायद्यात बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरची बोलाचाली त्यात धरत नाहीत.

चार दिवसांनी पुढच्या बाजूचा फोटो आला. '१४ नग मिळाले', तारीख, आणि खाली कोंबडीच्या पायासारखी सही. मी जिंकल्यासारखा हसलो. फोटो गिऱ्हाइकाला पाठवणारच होतो, इतक्यात मागची बाजू आली.

तिच्यावर शिक्का होता. जांभळ्या शाईचा, थोडा पुसट. दुकानाला देवाचं नाव तेच, पुढे 'ट्रेडर्स' तेच, पण गल्ली वेगळी आणि मालकाचं आडनाव वेगळं. अमरावतीत त्या देवाच्या नावाची दुकानं किती असतील कोण जाणे. मी आमच्याकडची बिल्टीची प्रत काढली. माल घेणाऱ्याच्या रकान्यात दुकानाचं नाव आणि पुढे एकच शब्द: अमरावती. गल्ली नाही, मोबाईल नाही. अक्षर माझंच होतं.

मी बराच वेळ त्या दोन कागदांकडे बघत बसलो. ज्याला पकडायला पोच मागवली, तो तिच्यातून सुटला आणि मी सापडलो. छोट्या गाडीवाल्याने नाव वाचलं, ओळखीच्या दुकानासमोर गाडी लावली, तिथल्या हमालाने नग मोजून सही केली. मोबाईल विचारायला हवा होता, हे त्याचं चुकलं. पण विचारायला नंबर मी दिला कुठे होता? आणि शिक्का मारणाऱ्याने तो मारला नसता, तर मी आजही त्या गृहस्थांना बुडवा म्हणत फिरलो असतो. नुसत्या सहीने तेवढंच केलं असतं.

माल त्या दुसऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत निघाला. तेरा नग बांधलेले, एक फोडलेला. बिल आलं नाही म्हणून मालकाने ठेवून दिला होता. पोचेतून नग कळतात, आतला माल नाही. म्हणून फोडलेला खोका आम्हा दोघांसमोर मोजला. सहा एल्बो कमी भरले, त्यांचे पैसे त्याने तिथेच दिले.

गिऱ्हाइकाला फोन करून माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. माल येऊ द्या माह्याकडे, लागतेच. पन बिल्टीवर माहा नंबर टाकत जा."

आता टाकतो. आणि आठवड्याच्या आत पोचेची प्रत मागवतो, दोन्ही बाजूंची.