पट्टीवर पाणी

शेतात आम्ही रोजच पाणी सोडतो. पण दान देताना हातावरून पाणी सोडायची रीत आहे, म्हणून एखाद्या वस्तूवर पाणी सोडणं म्हणजे तिच्यावरचा हक्क कायमचा सोडणं. आमच्या चुलत्यांच्या वाटण्या चालल्या होत्या. धाकट्यानं बांधाकडची हरभऱ्याची पट्टी सोडायचं ठरवलं अन् थोरल्याला सांगायला गेला.

"अण्णा, बांधाकडच्या पट्टीवर मी पाणी सोडलं."

"आत्ता? लाईट तर रात्री येणार!"

"लाईटचं काय? मन घट्ट केलं अन् सोडलं."

"अरं, हरभरा घाट्यात आलाय. किती सोडलंस?"

"समदं. परत फिरून बघणार न्हाई."

"उभळून जाईल की रं! पळ, आधी बारं मोड!"

"अण्णा, पट्टी तुमची झाली म्हणतोय मी."

अण्णा फावडं टेकून खालीच बसले.

हे लिहून काढताना सगळी गंमत 'वर'मध्ये आहे. 'पट्टीला पाणी सोडलं' लिहिलं की नुसतं पाणी राहतं, हक्क निघून जातो. दुसरं, अण्णांना खुळं दाखवायचं नाही. त्यांना पिकाची काळजी, म्हणून ते तसंच ऐकतात. अन् धाकट्याचं प्रत्येक उत्तर दोन्ही अर्थांना बसलं पाहिजे. 'हक्क' हा शब्द आधीच आला तर पुढचं बोलणं मेलंच. मधेच कुणी हसलं असंही लिहू नये. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. सातबारा अजून दोघांच्या नावावर होता.