तपासनीस दारी येतो तेव्हा

माझा चुलतभाऊ, किराणा व्यापारी, ४४ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. आयुर्विमा घेऊन अवघे १४ महिने झाले होते. महिन्याभरात विमा कंपनीचा तपासनीस दारी आला. वहिनींना तो अपमान वाटला. परंतु विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांतच कंपनी पॉलिसीवर आक्षेप घेऊ शकते. त्यानंतर फसवणुकीचे कारणही चालत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केल्यास मात्र ही मुदत नव्याने मोजतात.

ओळखपत्र व कंपनीचे पत्र पाहूनच आम्ही त्याला बसविले. त्याने आजारपण, डॉक्टर, इतर पॉलिसी यांविषयी विचारले. शेजाऱ्यांकडे आणि औषधाच्या दुकानातही तो गेला. तेथे रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी मिळाली. मग त्याने जबाब लिहून पुढे केला, “ताई, येथे सही करा.” त्यात ‘पूर्वीपासून रक्तदाब’ असे शब्द होते. वहिनींनी शांतपणे विचारले, “पूर्वीपासून म्हणजे केव्हापासून?”

चिठ्ठी पॉलिसीनंतर सहा महिन्यांनी लिहिलेली होती! प्रस्तावपत्र भरताना जे ठाऊक असते, तेच सांगायचे असते. वहिनींनी जबाबात तारीख लिहवून घेतली, मगच सही केली व प्रत ठेवली. दावा मंजूर झाला.

नाकारला असता, तर कंपनीला कारणे लेखी द्यावी लागली असती. ती न पटल्यास आधी कंपनीकडे तक्रार करता येते आणि तेथे दाद न लागल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही.