अडीचची केबल

मोटर दुसऱ्यांदा जळाली तेव्हाही रिवाइंडिंगवाल्याने तेच सांगितलं, "तुमच्या गावाला व्होल्टेजच नाही, दादा." पैसे मोजून आम्ही परत आलो. त्या वाक्याचा राग मला आजही येतो, कारण घराच्या भिंतीवरच्या स्टार्टरचा काटा मोटर चालू असतानाही 220 दाखवत होता.

विहीर घरापासून अडीचशे मीटरवर. मोटर दीड एचपीची, सिंगल फेज, पाटीवर 220 व्होल्ट आणि 10 अँपियर. केबल तांब्याची, दुकानदाराने "अडीचची आहे, बिनधास्त घाला" म्हणून दिलेली. बाकी प्रत्येक मळ्यात असतं तसंच.

नवी गुंडाळलेली मोटर सोडल्यावर गावातला जुना वायरमन मीटर घेऊन आला. तो स्टार्टरकडे फिरकलाच नाही, थेट विहिरीवर गेला आणि मोटर चालू ठेवून तिथल्या जोडावर मीटर लावला. 170 व्होल्ट. घरी 220, विहिरीवर 170. मधले 50 व्होल्ट केबलच खात होती. मोटर बंद केल्यावर विहिरीवरही 220 च्या आसपास दिसायला लागले, कारण प्रवाहच नसेल तर तारेत काही गळत नाही. म्हणून मोटर बंद ठेवून मोजणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही.

मग त्याने मेन स्विच काढला, मोटर सोडवली, विहिरीकडची दोन टोकं एकमेकांना जोडली आणि घराकडून ओहम मोजले. केबल अडीचशे मीटर असली तरी वीज जाते आणि परतही येते, म्हणजे तांबं पाचशे मीटर धरायचं. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याचा रोध 0.0172 ओहम. त्याला पाचशेने गुणा आणि अडीचने भागा, 3.44 यायला हवा. मीटरवर साडेचार आला.

घरी उरलेला केबलचा तुकडा सोलून बसलो. आतल्या बारीक तारा मोजल्या, बरोबर 36. अडीचच्या केबलमध्ये 0.3 मिलिमीटरच्या 36 तारा असतात, म्हणजे मोजणाऱ्याला शंका येऊ नये याची काळजी घेतलेली होती. मायक्रोमीटर लावला तेव्हा एकेक तार 0.26 भरली. डोळ्याला हा फरक दिसतच नाही. पण छेद व्यासाच्या वर्गाने बदलतो, म्हणून एवढ्याशा फरकाने तांबं चतुर्थांश कमी झालं. अडीच म्हणून घेतलेली केबल जेमतेम 1.9 ची होती. वजनावर सोनं घेताना आपण काटा बघतो, तांब्याला मात्र छापील आकड्यावर विश्वास ठेवतो.

आता नुकसान बघा. व्होल्टेज पडलं की पाणी तेवढंच उपसायला मोटर जास्त प्रवाह ओढते. आमची 10 ऐवजी 11 अँपियर ओढत होती. जास्त प्रवाहाने केबलमध्ये आणखी व्होल्ट पडतात आणि मोटरची गुंडाळी आणखी तापते. केबलमधली उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: 121 गुणिले साडेचार, जवळपास 545 वॅट. रोज सहा तास मोटर चालली तर सव्वातीन युनिट जमिनीत जिरले. आणि ही उष्णता अडीचशे मीटरभर पसरते, मीटरला दोन वॅटच्या थोडी वर. हाताला केबल गरम लागत नाही, त्यामुळे कुणी तिच्यावर संशयही घेत नाही.

त्या रात्री दुकानदाराला जाब विचारायचा असं पक्कं ठरवलं होतं. पण प्रामाणिक अडीचचा हिशेब मांडला आणि थांबलो. 10 अँपियरला 3.44 ओहम म्हणजे 34 व्होल्ट पडणारच, विहिरीवर 186 उरले असते. एवढ्या अंतराला अडीच मुळातच अपुरी होती. लबाडी त्याने केलीच, पण अंतर न विचारता "बिनधास्त" म्हणाला ते मला आता त्याहून जास्त खुपतं. केबल विकणाऱ्याने आधी "किती लांब?" एवढं विचारलंच पाहिजे.

तांब्याची सहाची घेतली असती तर रोध 1.43 वर आला असता, पण भाव परवडेना. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट, म्हणून दहाची ॲल्युमिनियम केबल जवळपास तेच काम करते: 1.41 ओहम. ती टाकली. विहिरीवर आता 206 मिळतात आणि वाया जातात 140 वॅट. घट पाच टक्क्यांच्या आत हवी होती, ती सहाच्या वर आहे. त्यासाठी सोळाची लागली असती. ॲल्युमिनियमची एक खोड मात्र सांभाळावी लागते. मोटरच्या तांब्याशी तिची थेट पिळून गाठ मारली तर जोड काळा पडतो, सैल होतो, आणि मग सगळी गळती त्या एका टोकावर येऊन तिथेच जळतं. आम्ही दोन्ही धातूंसाठीचे बायमेटलिक लग दाबून बसवले आहेत, आणि पावसाळा संपला की पेटी उघडून ते बघतो.