पंचवीस टक्के, पण कशावर?

‘पंचवीस टक्के नफा’ असे कोणी म्हटले, की जाणता व्यापारी आधी विचारतो, ‘खरेदीवर की विक्रीवर?’ वाणिज्य शाखेच्या एका ऑनलाइन चाचणीत नेमका हाच शब्द राहून गेला आणि प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीस आपल्या प्राध्यापकांना ईमेल लिहावा लागला.

प्रश्न असा होता : ‘एका वस्तूची खरेदी किंमत ६०० रुपये आहे. व्यापारी २५ टक्के नफा घेतो. विक्री किंमत किती?’ पर्यायांत ७५० आणि ८०० हे दोन्ही आकडे होते. तिने ८०० निवडले. संगणकाने ते चूक ठरवले.

कागदावरची परीक्षा असती, तर ‘नफा विक्रीवर धरला आहे’ अशी टीप तिने उत्तराखाली लिहिली असती आणि तपासणाऱ्याला तिची रीत दिसली असती. पडद्यावरच्या चाचणीत केवळ निवडलेला पर्याय पोहोचतो, त्यामागचा विचार पोहोचत नाही. ती राहून गेलेली टीपच तिने ईमेलमधून पाठवली.

तिने लिहिले : ‘आदरणीय सर, सातव्या प्रश्नाचे दोन अर्थ संभवतात. नफा खरेदीवर धरल्यास ६०० चे २५ टक्के म्हणजे १५० आणि विक्री ७५०. विक्रीवर धरल्यास खरेदी हा विक्रीचा ७५ टक्के भाग होतो, म्हणून विक्री ८००. अंकगणितात आपण पहिली रीत वापरतो. हिशेबशास्त्रात सकल नफ्याचे प्रमाण विक्रीवर काढतो. चाचणीत दोन्ही प्रकरणे होती. कृपया कोणता अर्थ अभिप्रेत होता, ते कळवावे.’

या पत्रात गुणांची याचना नव्हती. प्रश्नाचा क्रमांक, दोन्ही अर्थ आणि दोन्हींचे गणित एवढेच होते. त्यामुळे पडताळणी सोपी झाली.

प्राध्यापकांनी सर्वांची उत्तरे उघडून पाहिली. प्रश्न केवळ कठीण असेल, तर हुशार विद्यार्थी बहुधा एकाच उत्तरावर येतात. येथे एकूण गुणांत वरचढ असलेली मुलेच ७५० आणि ८०० यांत विभागलेली होती. एवढ्याने प्रश्न संदिग्ध ठरत नाही, कारण समान गैरसमजही अशी विभागणी घडवू शकतो. परंतु दोन्ही गणिते आपापल्या प्रथेनुसार शुद्ध असल्याने शंका उरली नाही. प्रश्नात ‘सकल नफ्याचे प्रमाण २५ टक्के’ असे शब्द असते, तर ८०० हेच एकमेव उत्तर ठरले असते आणि तक्रारीस जागा राहिली नसती.

प्राध्यापकांनी दोन्ही उत्तरे ग्राह्य धरून संपूर्ण वर्गाचे पुनर्मूल्यांकन केले. केवळ पत्र लिहिणारीचा गुण वाढवला असता, तर ८०० निवडून गप्प राहिलेल्यांवर अन्याय झाला असता. ७५० वाल्यांचा गुण कायम राहिला; अन्य पर्याय निवडणाऱ्यांना काही मिळाले नाही. प्रश्नसंचात मात्र ‘२५ टक्के’ या शब्दांपूर्वी ‘खरेदी किमतीवर’ हे दोन शब्द घातले गेले.